दारापुरता कॅमेरा, आणि घरमालकाला लिहायचं पत्र

भाड्याच्या फ्लॅटच्या दारावर कॅमेरा लावायचा तर बहुतेक भाडेकरू आधी कॅमेरा मागवतात, मग घरमालकाला फोन करतात. उत्तर ठरलेलं असतं: "नको, उगाच सोसायटीत कटकट होते." इथे घरमालक अडून बसतो असं नाही. तो कॅमेरा काय काय टिपणार हेच त्याला कळलेलं नसतं, आणि समोरच्या बिऱ्हाडाची तक्रार आली तर सेक्रेटरी त्यालाच बोलावणार असतात. म्हणून चोऱ्या किती वाढल्या हे पत्रात पानभर लिहून फारसं काही साधत नाही. पत्रातून घरमालकाला एवढं दिसलं पाहिजे की चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं.

मुळात परवानगी कशाकशाची लागते? महाराष्ट्रात घर बहुधा 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिलं जातं. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. घरात कोणताही बदल किंवा जोडकाम मालकाच्या लेखी संमतीशिवाय करायचं नाही, अशी अट त्यात बहुतेक वेळा असतेच. भोक पाडून बसवलेला कॅमेरा या अटीत सरळ येतो. न ठोकता चिकटवलेल्या कॅमेऱ्यावर वाद होऊ शकतो, पण तो वाद डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी घालण्यात शहाणपण नाही. लेखी परवानगी आधीच हाताशी असलेली बरी.

दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानातच येत नाही. दार मालकाचं असलं, तरी दाराबाहेरची पॅसेजची भिंत सगळ्यांच्या वापरातली असते आणि तिच्यावर सोसायटीचा ताबा असतो. तिथे काही लावायला घरमालक हो म्हणाला तरी पुरेसं होत नाही. सोसायटीचा सभासद मात्र तोच असल्यामुळे कमिटीकडे अर्ज त्याच्याच नावाने जायला हवा. त्यासाठी पत्रासोबत सोसायटीच्या अर्जाचा मसुदा जोडून दिला, की मालकाला फक्त सही करायची उरते.

आता कॅमेऱ्याकडे वळू. समजा, पुण्यातली एक चार मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर 301 आणि 302 ही दोन दारं समोरासमोर, मध्ये पाच फुटांचा पॅसेज. 302 मधलं जोडपं दिवसभर कामावर असतं, घरी आजी आणि शाळेतून येणारी मुलगी. बेल वाजली की आजींना दार उघडण्याआधी माणूस दिसावा, एवढीच गरज. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दारातल्या भिंगाच्या जागी बसणारा कॅमेरा: नवं भोक नाही, बाहेरच्या भिंतीला हात लावायचा नाही, म्हणजे सोसायटीचा प्रश्नही जवळजवळ मिटला. पण बसवायला सगळ्यात सोपी असलेली हीच जागा शेजाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, कारण ते भिंग थेट 301 च्या दारावर रोखलेलं असतं.

आकडा बघितला की नेमकं काय होतं ते कळतं. डोअरबेल कॅमेऱ्यांची भिंगं बहुधा रुंद असतात. 150 अंशांचं भिंग पाच फुटांवरच्या भिंतीवर हिशेबाने सुमारे 37 फूट रुंदी व्यापतं. म्हणजे अख्खा पॅसेज त्यात आला. 90 अंशांचं अरुंद भिंग घेतलं तरी दहा फूट येतातच, आणि 301 चं दार तर जेमतेम तीन फुटांचं. तेव्हा अरुंद भिंगाने प्रश्न सुटत नाही. कॅमेऱ्याचं तोंडच वळवावं लागतं.

302 चं दार भिंतीच्या रेषेपासून दीड-दोन फूट आत आहे आणि बाजूच्या छोट्या भिंतीवर जुन्या बेलचं बटण आहे. कॅमेरा त्या बटणाशेजारी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर लावला, की तो 301 कडे न बघता दारासमोरून आडवा, पलीकडच्या कोऱ्या भिंतीकडे बघतो. खाली 15 अंशांची पाचर घालून तो आपल्या दाराकडे कलवला, की पॅसेजचा बराचसा भाग आपोआप सुटतो. बेल दाबणाऱ्याचा चेहरा थोडा बाजूने दिसतो, पण ओळखू येतो. चित्राच्या एका काठावर 301 च्या चौकटीची बारीक पट्टी उरली, तर ती ॲपमधून काळी करता येते.

ही काळी पट्टी, म्हणजे प्रायव्हसी मास्क, आणि मोशन झोन यांची गल्लत अगदी नेहमी होते. हालचाल झाल्यावर सूचना कुठल्या भागासाठी यावी, एवढंच मोशन झोन ठरवतो. झोन आपल्या दारापुरता आखला तरी रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर शेजाऱ्याचं दार चित्रात पूर्ण दिसतच राहतं. मास्कने झाकलेला भाग मात्र रेकॉर्डच होत नाही. सगळ्या कॅमेऱ्यांत मास्कची सोय नसते, त्यामुळे खरेदीच्या आधीच विचारून घ्यावं. मास्कलाही मर्यादा आहेत. दारातल्या भिंगाच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्याचं दार मास्कने झाकलं, तर त्याच रेषेत उभा राहिलेला पाहुणाही झाकला जातो आणि कॅमेऱ्याचा उपयोगच संपतो. कॅमेरा जागचा हलला किंवा रिसेट झाला तर मास्क पुन्हा तपासावा लागतो. फिरत्या मानेचा कॅमेरा तर दारावर लावूच नये. तो कधी कुठे वळेल याची खात्री कोणाला देणार?

वायरिंगबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे बेलच्या बटणाला बहुधा थेट 230 व्होल्टचा प्रवाह असतो आणि अनेक व्हिडिओ डोअरबेल त्याहून फार कमी व्होल्टेजवर चालतात. जुन्या वायरी परस्पर जोडल्या तर उपकरण जळतं, आणि हाताला झटका बसण्याचा धोका वेगळाच. भाड्याच्या घरात बॅटरीवर चालणारा कॅमेराच सोयीचा. त्याने पत्रातलं एक वाक्यही सोपं होतं: वायरिंगला हात लावणार नाही.

आवाजाचा मुद्दा मात्र चित्राहून नाजूक आहे. 2021 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात एका शेजारणीने कॅमेऱ्यांवरून दावा लावला होता. दारावरच्या डोअरबेलच्या चित्रणाला न्यायाधीशांनी हरकत घेतली नाही. पण त्या यंत्रणेत दूरवरचं बोलणं टिपलं जात होतं, ते मात्र गरजेपेक्षा फार जास्त ठरवलं. हा निकाल तिथल्या कायद्याचा, आपल्याला बांधील नाही. तरी त्यातला विचार आपल्या जिन्यालाही लागू पडतो. शेजारच्या दारात उभं राहून कोणी घरच्या आजारपणाबद्दल, उसनवारीबद्दल बोलत असेल, तर कॅमेरा दुसरीकडे वळवून ते शब्द थांबत नाहीत. म्हणून ध्वनिमुद्रण बंद ठेवावं. अनेक ॲपमध्ये ते बंद ठेवूनही बेल वाजवणाऱ्याशी बोलता येतं.

भारतात 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2025 च्या फेब्रुवारीत कोलकाता उच्च न्यायालयाने, एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत असा निकाल दिला आणि त्यात याच हक्काचा आधार घेतला. तो वाद घराच्या आतल्या कॅमेऱ्यांचा होता, दारावरच्या नाही. तरीही शेजारी हरकत घेतो तेव्हा त्याच्या बाजूला केवळ चिडचिड नसून हक्कही असू शकतो, हे त्यातून दिसतं. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाच्या निव्वळ खासगी किंवा घरगुती वापराला सूट देतो. पण 301 मध्ये कोण किती वाजता आलं याची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, तर तिला घरगुती वापर म्हणणं कठीण होईल.

हे सगळं डोक्यात ठेवून 302 चं पत्र असं लिहिता येईल:

"ती. काकांस, सा. न. वि. वि.

विषय: फ्लॅट क्र. 302 च्या दाराशी कॅमेरा लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

दिवसा घरी आई आणि मुलगी दोघीच असतात. दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते त्यांना दिसावं, म्हणून बॅटरीवर चालणारा एक डोअरबेल कॅमेरा लावायची इच्छा आहे. तो बाजूच्या भिंतीवर, बेलच्या बटणाशेजारी, चार फूट उंचीवर चिकटवू. भोक पाडणार नाही, वायरिंगला हात लावणार नाही. त्यात फक्त आपलं दार आणि दारासमोरची दोन फूट जागा दिसेल. 301 चं दार, जिना आणि लिफ्ट दिसणार नाही. काठावरचा भाग मास्कने झाकलेला राहील. आवाज रेकॉर्ड होणार नाही. चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसलं जाईल आणि ते आम्हा नवरा-बायकोशिवाय कोणी बघणार नाही.

त्याच जागेवरून मोबाइलने काढलेला फोटो जोडला आहे. कॅमेऱ्यात येणारा भाग त्यावर पेनाने आखला आहे. बसवल्यावर प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमधलं एक चित्र आपल्याला आणि 301 मधल्या काकूंना दाखवू. त्यात त्यांचं दार दिसलं तर कॅमेरा त्याच दिवशी काढू. घर सोडताना तो काढून भिंत रंगासह पूर्ववत करून देऊ. सोसायटीच्या अर्जाचा मसुदा सोबत आहे. आपली संमती असल्यास या पत्राच्या प्रतीवर सही करून द्यावी, ही विनंती."

या पत्रातलं प्रत्येक वाक्य तपासून बघता येतं, यातच त्याचं बळ आहे. "शेजाऱ्यांच्या खासगीपणाची पूर्ण काळजी घेऊ" असं लिहिलं असतं, तर काकांनी ते कशावरून मानावं? जोडलेला फोटोही विशेषण लावून लिहिलेल्या चार परिच्छेदांपेक्षा जास्त सांगून जातो. सात दिवसांची मुदत कायद्यातली नाही. घरी परतल्यावर आठवड्याभरात काय झालं ते बघता यावं, एवढाच तिचा हिशेब. गावी जास्त दिवस राहणाऱ्याने ती पंधरा दिवस करावी, पण आकडा लिहावा. भिंतीचा मुद्दाही नुसता शिष्टाचाराचा नाही: डिस्टेंपरवर चिकटपट्टी नीट टिकत नाही आणि काढताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येते.

कॅमेरा बसल्यावर चाचणी दोघांनी मिळून घ्यावी. एकाने 301 च्या उंबऱ्यावर, त्यांना विचारून, दार उघडं ठेवून उभं राहावं, जिन्यावर एक फेरी मारावी. दुसऱ्याने लाइव्ह चित्र नव्हे, साठवलेलं रेकॉर्डिंग उघडून बघावं. हीच चाचणी पॅसेजचा दिवा घालवून रात्री पुन्हा करावी. जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा सेफ्टी डोअरच्या गजांवरून रात्रीचा अवरक्त प्रकाश परत फिरला तर चित्र पांढरं फटक होतं, चेहरा ओळखू येत नाही. अशा वेळी कॅमेरा दोन-तीन इंच सरकवावा लागतो, आणि सरकवला की मास्क पुन्हा बघावा.

काकांची सही फोनवरच्या "हो चालेल"वर सोडू नये. सही केलेली प्रत कराराच्या फाइलमध्ये ठेवावी. 11 महिन्यांनी नवा करार होईल तेव्हा या परवानगीची एक ओळ त्यात घालायला एजंटला आठवणीने सांगावं, कारण जुन्या कराराच्या काळात दिलेलं पत्र नव्या कराराला लागू आहे की नाही, हा वाद मग उरत नाही.