भाडेकरूच्या बाजूने घरभाडे करार सुधारणे: मसुदालेखनाची एक परीक्षा

घरमालकाकडून आलेला भाडेकराराचा मसुदा भाडेकरूच्या वकिलाने वाचायचा, त्यातल्या जाचक अटी बदलायच्या आणि प्रत्येक बदल उघडपणे दाखवून तो परत पाठवायचा, या कामाला वकिलांच्या बोलण्यात ‘रेडलाइन’ करणे म्हणतात. काढलेला मजकूर खोडलेला दिसतो, घातलेला मजकूर वेगळ्या रंगात दिसतो आणि समोरच्या पक्षाला काय बदलले ते एका नजरेत कळते. कायद्याच्या विद्यार्थ्यांची लेखी परीक्षा घ्यायला हे काम फार उपयोगी आहे. त्यात कायद्याचे ज्ञान आणि भाषा दोन्ही तपासली जातात, शिवाय काय सोडून द्यायचे याची जाणही तपासता येते.

पुण्यातल्या एका फ्लॅटचा कल्पित मसुदा घेऊन अशी ५० गुणांची परीक्षा कशी बांधता येते, ते पाहता येईल. मुदत २४ महिने, मासिक भाडे २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख रुपये. महाराष्ट्रातल्या प्रथेप्रमाणे हा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार आहे, म्हणजे भाडेकरूला जागेत कोणताही मालकी स्वरूपाचा हक्क न देता फक्त ती वापरण्याची परवानगी दिलेली आहे. मसुदा मालकाच्या बाजूने लिहिलेला आहे. विद्यार्थ्याला भाडेकरूकडून तीन सूचना मिळतात: डिपॉझिट वेळेवर परत मिळावे, नोकरीची बदली झाली तर बाहेर पडता यावे आणि करार मोडू नये, कारण घर त्याला हवे आहे. वेळ दोन तास. उत्तर म्हणून सुधारलेला मसुदा आणि एक पानाचे पत्र द्यायचे.

तिसरी सूचना विद्यार्थी सर्वांत जास्त विसरतात. मग सगळा करारच लाल होतो. काही जण उत्साहाच्या भरात ‘लायसन्स’ या शब्दाच्या जागी सगळीकडे ‘भाडेपट्टा’ लिहितात, कारण भाडेपट्ट्याला कायद्याचे संरक्षण अधिक आहे हे त्यांनी वाचलेले असते. कराराचे नाव नव्हे, आशय पाहायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९च्या निकालात सांगितलेच आहे. पण राहण्याच्या जागेच्या लेखी लायसन्सबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ने वेगळी तरतूद केली आहे: लेखी करारात नमूद केलेली वस्तुस्थिती हा त्या कलमाखालच्या कारवाईत निर्णायक पुरावा धरला जातो. कोणताही मालक जाणूनबुजून हा शब्द बदलू देणार नाही. असा बदल करणाऱ्याला त्या बदलाचे गुण नाहीत आणि अशिलाची सूचना मोडल्याबद्दल दोन गुण वजा.

परीक्षेचा गाभा डिपॉझिटच्या अटीत आहे. मालकाच्या मसुद्यात ती अशी आहे:

“ताबा मिळाल्यानंतर मालक आपल्या समाधानाप्रमाणे नुकसानीची रक्कम वजा करून उर्वरित डिपॉझिट सोयीनुसार परत करील.”

या एका वाक्यात तीन अडचणी आहेत. नुकसान किती हे मालक एकटा ठरवणार. परतीला तारीख नाही. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची: भाडेकरू आधी ताबा देणार आणि पैसे नंतर येणार. ताबा दिला की भाडेकरूच्या हातात मालकावर दबाव आणणारे काहीच उरत नाही. १ लाखासाठी दिवाणी दावा लावणे बहुतेकांना परवडत नाही, आणि मालकाला ते ठाऊक असते.

पहिल्या प्रकारचा विद्यार्थी ‘सोयीनुसार’ खोडून ‘वाजवी वेळेत’ लिहितो. आठपैकी एक गुण. वाजवी म्हणजे किती, हा वाद तसाच राहतो.

दुसरा विद्यार्थी अधिक पुढे जातो: “डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडेकरू विनाभाडे त्याच जागेत राहू शकेल.” हे वाक्य प्रत्यक्षातल्या अनेक करारांत आढळते आणि वरवर पाहता भाडेकरूचे हित साधते. पण त्याच कलम २४नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्या लायसन्सधारकाला मालक सक्षम प्राधिकाऱ्यापुढे नेऊ शकतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणजे २५,००० रुपये भाडे असलेल्या घरात दोन महिने अडून बसलेल्या भाडेकरूवर १ लाख रुपयांची मागणी येऊ शकते, नेमकी डिपॉझिटइतकीच. करारातल्या वाक्याने हे ओझे टळेलच, असे अशिलाला सांगता येत नाही. मुद्दा ओळखल्याबद्दल चार गुण मिळतात, धोका न दाखवल्याबद्दल उरलेले जातात.

पूर्ण गुण मिळवणारे उत्तर साधारण असे असते:

“ताबा देण्याच्या किमान सात दिवस आधी दोन्ही पक्ष जागेची एकत्र पाहणी करतील आणि जोडपत्र ‘अ’मधील यादीशी ताडून नुकसानीची लेखी नोंद करतील. नेहमीच्या वापराने झालेली झीज नुकसान मानली जाणार नाही. मालक या नोंदीतील नुकसान आणि थकीत बिले एवढ्याच रकमा पुराव्यासह वजा करील व उर्वरित डिपॉझिट, ताबा घेताना त्याच वेळी, भाडेकरूच्या बँक खात्यात जमा करील. विलंब झाल्यास थकीत रकमेवर वार्षिक १२ टक्के व्याज देय राहील.”

येथे ताबा आणि पैसे एकाच वेळी हातबदल करतात. मालकाचेही म्हणणे राखले जाते, कारण खरे नुकसान त्याला वजा करता येते. म्हणून ही अट मान्य होण्याची शक्यता मोठी. मात्र ‘जोडपत्र अ’ म्हणून पंखे, गीझर, नळ, भिंतींची स्थिती यांची यादी खरोखर जोडलेली असली पाहिजे. यादी न जोडता तिचा उल्लेख करणारे उत्तर एक गुण गमावते, आणि प्रत्यक्षातही असा करार वादाच्या दिवशी निरुपयोगी ठरतो.

डिपॉझिटची रक्कमच कमी मागावी का? १ लाख म्हणजे चार महिन्यांचे भाडे. केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. पत्रात त्याचा उल्लेख वाटाघाटीचा आधार म्हणून करणे योग्य. ‘कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही’ असे ठणकावून लिहिणे चुकीचे, आणि चुकीचा कायदा सांगणे हा परीक्षकाच्या दृष्टीने गंभीर दोष असतो.

दुसरी मोठी अट लॉक-इनची. मसुद्यात भाडेकरूने १२ महिने घर सोडायचे नाही, सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पूर्ण भाडे द्यायचे; मालक मात्र केव्हाही महिन्याच्या नोटिशीवर करार संपवू शकतो. सात महिन्यांनंतर बदली झाली तर भाडेकरूच्या अंगावर पाच महिन्यांचे १,२५,००० रुपये येतात, जरी मालकाला पुढच्याच महिन्यात नवा भाडेकरू मिळाला तरी. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ७४नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. हे कलम पत्रात सांगावे, पण भाडेकरूला न्यायालयात वाद घालायचा नाही, बदली झाल्यावर निघायचे आहे. म्हणून अटच बदलायची: लॉक-इन सहा महिने आणि दोघांनाही सारखे, त्यानंतर दोघांनाही एक महिन्याची नोटीस, लॉक-इनच्या काळात लेखी बदली आदेश दाखवून निघणाऱ्या भाडेकरूने फक्त एक महिन्याचे भाडे भरपाई म्हणून द्यायचे.

मालकावरचे बंधन घालणे विद्यार्थी अनेकदा विसरतात, आणि तिथेच हुशार उत्तर वेगळे दिसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२च्या कलम ६०नुसार काही अपवाद सोडल्यास लायसन्स देणाऱ्याला ते मागे घेता येते. करारात बंधन स्पष्ट नसेल, तर भाडेकरूचा मुक्काम मालकाच्या मर्जीवर राहतो. या अटीला सात गुण, त्यांपैकी तीन केवळ मालकावरच्या बंधनासाठी.

बाकीच्या अटींवर थोडक्यात हात फिरवावा. ‘सर्व दुरुस्ती भाडेकरू करील’ हे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. ‘सर्व’च्या जागी ‘एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची किरकोळ’ एवढे घातले आणि गळती, वायरिंग, मुख्य नळजोड मालकाकडे ठेवले की काम होते. ‘मालक केव्हाही घरात येऊ शकेल’ याला २४ तासांची पूर्वसूचना जोडली की पुरते. नोंदणीच्या अटीत मात्र एक सापळा आहे. ‘नोंदणीची जबाबदारी व खर्च भाडेकरूचा’ असे मसुद्यात आहे. १९९९च्या अधिनियमाच्या कलम ५५नुसार, करार किती महिन्यांचा आहे हे न पाहता, तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्च कोणी करायचा हे पक्ष ठरवू शकतात, जबाबदारी हलवता येत नाही. ‘जबाबदारी’ खोडून ‘खर्च निम्मा-निम्मा’ करणाऱ्याला पूर्ण गुण.

मुदतीनंतर दुप्पट भाडे, ही अट खोडणाऱ्याला गुण नाहीत. ती कायद्यातच आहे. करारातून काढून काही बदलत नाही, उलट मालकाला विनाकारण संशय येतो. हात न लावता सोडलेल्या अशा अटींसाठी परीक्षक तीन गुण राखून ठेवतो.

एकूण गुणांची विभागणी मग अशी पडते: डिपॉझिटला आठ, लॉक-इनला सात, दुरुस्ती, प्रवेश आणि नोंदणी मिळून नऊ, न छेडलेल्या अटींना तीन, भाषेची अचूकता दहा, बदल दाखवण्याची शिस्त पाच आणि पत्राला आठ. भाषेच्या गुणांत परीक्षक बारीक पाहतो. नवी अट मध्ये घातल्यावर पुढचे क्रमांक आणि ‘अट क्र. ९प्रमाणे’ असे संदर्भ जुळतात का, एकाच व्यक्तीला कुठे ‘भाडेकरू’ तर कुठे ‘परवानाधारक’ म्हटले आहे का, वाक्याचा कर्ता दिसतो का. ‘डिपॉझिट परत केले जाईल’ या वाक्यात कोण करील हेच नाही.

शिस्तीच्या पाच गुणांवर एक कडक नियम आहे. परीक्षक मूळ मसुदा आणि उत्तर कॉम्प्युटरवर शेजारी ताडून पाहतो. ट्रॅक चेंजेस बंद करून केलेला, म्हणजे न दाखवलेला एकही आशयाचा बदल सापडला तर हे पाचही गुण जातात. वकिलीत असा बदल समोरच्याची फसवणूक ठरतो, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तो पक्ष अविश्वासाने पाहतो.

पत्र मालकाच्या वकिलाला उद्देशून असते. त्यात प्रत्येक मोठ्या बदलाचे कारण एकदोन वाक्यांत आणि मालकाला त्यातून काय मिळते तेही सांगायचे. अशिलाची शेवटची तडजोडीची रेषा, उदाहरणार्थ लॉक-इन सहाऐवजी आठ महिने चालेल, ही त्या पत्रात येऊ नये. ती अशिलासाठीच्या स्वतंत्र टिपणात जाते. चुकून पत्रात लिहिणाऱ्याचे आठपैकी चार गुण कापले जातात.