‘कारण… म्हणून’ : दोष बेळगावचा की मराठीचा?

बेळगाव-निपाणीकडचा माणूस पुण्यात बोलायला लागला की त्याच्या मराठीत कानडी शोधायची समोरच्याला भारी घाई असते. ‘मी आलो नाही, कारण बस चुकली म्हणून,’ असे तो बोलून गेला, तर हे कानडी वळण म्हणून लगेच शिक्का बसतो. वाक्य लेखी मराठीत सदोष आहे, हे खरे. शिक्का मात्र चुकीचा आहे.

ही चूक मुळात मराठीच्या पोटातली आहे. मराठीत कारण सांगायच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींत जोडशब्दाची जागा वेगळी. ‘कारण’ हा शब्द कारण सांगणाऱ्या वाक्याच्या आधी येतो : मी आलो नाही, कारण बस चुकली. ‘म्हणून’ त्या वाक्याच्या मागे लागतो : बस चुकली म्हणून मी आलो नाही. बोलणारा पहिल्या रीतीने सुरुवात करतो आणि वाक्य संपता संपता दुसऱ्या रीतीवर जातो. बस चुकणे एकच, न येणे एकच, आणि त्यांना बांधणारे शब्द मात्र दोन. असे वाक्य नागपुरात ऐकू येते, ठाण्यातही येते. तिथे कानडी कुठून आणणार?

मग सीमाभागात कानडीचा काहीच हात नाही का? आहे, पण तो दुसऱ्या ठिकाणी. ‘मी येऊलालो म्हणून सांग त्याला,’ हे बेळगावात रोज कानावर पडणारे वाक्य. इथला ‘म्हणून’ कारण सांगत नाही. सांगायचा मजकूर कुठे संपला एवढेच दाखवतो. कानडीतले ‘अंत’ नेमके हेच काम करते आणि तेही मजकुराच्या मागेच येते. पुणेरी लेखनात अशा जागी ‘की’ किंवा ‘असे’ येते : मी येतोय असे त्याला सांग. शेजारी दिवसभर ‘अंत’ चालू असल्यावर सीमाभागात ‘म्हणून’ची ही वापरणूक टिकावी आणि वाढावी, यात नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू एकत्र नांदताना त्यांची वाक्यरचना किती जवळ आली, हे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ सालीच दाखवले होते. कुपवाडचा हा निबंध भाषाशास्त्राच्या वर्गांत जगभर वाचला जातो.

म्हणून हा ‘म्हणून’ कानडीतून उसना घेतला, असे मात्र कुणी समजू नये. शब्द ‘म्हणणे’ या आपल्याच क्रियापदाचा. शके १२१२मधल्या ज्ञानेश्वरीत त्याचे ‘म्हणौनि’ हे रूप पानोपानी भेटते. शाळेच्या व्याकरणातही तो एका खान्यात मावत नाही. परिणामबोधकात तो आहे (पाऊस आला म्हणून थांबलो), उद्देशबोधकात आहे (गुण मिळावेत म्हणून अभ्यास केला) आणि स्वरूपबोधकातही आहे (विजय म्हणून एक मुलगा). ‘येतो म्हणून सांगितले’ हा याच शेवटच्या कामाचा विस्तार. बेळगावच्या मुलाने ते लिहिले म्हणून मराठी बिघडली असे होत नाही. बिघडते ती ‘त्याने सांगितले की मी येतो म्हणून’ इथे. ‘की’ने मजकूर उघडला होता, तोच ‘म्हणून’ने पुन्हा बांधला. दोघांपैकी एक काढा, कोणताही.

दुसरा गैरसमज शिकवणीच्या वर्गांतून पसरलेला : एका वाक्यात असे दोन शब्द आले की वाक्य चूक. तसे असते तर ‘जर… तर’, ‘जरी… तरी’, ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ या साऱ्या जोड्या बाद कराव्या लागल्या असत्या. त्या रीतसर आहेत, कारण त्यांतला एक शब्द दुसऱ्याची वाट पाहतो. ‘कारण’ मराठीत कुणाची वाट पाहत नाही. (चिनी भाषेत ‘कारण’ आणि ‘म्हणून’ अशा अर्थाच्या शब्दांची जोडी एकाच वाक्यात बिनदिक्कत चालते. म्हणजे अडचण तर्काची नाही, त्या त्या भाषेच्या रिवाजाची आहे.)

शब्द मोजून काही कळत नाही. कोणता शब्द कशाला काय जोडतो, ते पाहावे लागते. निपाणीवरच्या निबंधात येऊ शकेल असे एक वाक्य घेऊ :

‘१९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला, कारण तंबाखूला भाव मिळत नव्हता म्हणून.’

इथे भाव न मिळणे आणि महामार्ग अडवणे या दोनच गोष्टी आहेत. ‘कारण’ त्यांनाच जोडते, ‘म्हणून’ही त्यांनाच. एक जादा आहे. ‘म्हणून’ खोडले की वाक्य सरळ होते. ‘म्हणून’ ठेवायचे असेल, तर क्रम उलटा करावा : तंबाखूला भाव मिळत नव्हता म्हणून उत्पादकांनी महामार्ग अडवला.

आता हे वाक्य पाहा : ‘सरकारने दखल घेतली नव्हती. त्यामुळे आवाज वरपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी महामार्ग निवडला.’ इथेही दोन शब्द आहेत, आणि लाल शाईवाले गुरुजी इथेही अडखळतील. पण ‘त्यामुळे’ मागच्या वाक्याशी जोडतो आणि ‘म्हणून’ महामार्ग निवडण्याचा हेतू सांगतो. कामे दोन, शब्द दोन. एकही काढला तर अर्थ उणा होतो. ‘त्यामुळे म्हणून ते रस्त्यावर उतरले’ असे लिहिले असते, तर मात्र दोन्ही शब्द मागच्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवत उभे राहिले असते. ती खरी दुरुक्ती.

यातूनच तिसरा गैरसमज सुटतो, ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ सारखेच असल्याचा. ‘त्यामुळे’मध्ये ‘ते’ हे सर्वनाम दडलेले आहे. आधी काहीतरी घडलेले असल्याशिवाय त्याला बोट दाखवायला जागाच नाही. हेतू अजून घडलेला नसतो, म्हणून ‘गुण मिळावेत त्यामुळे अभ्यास केला’ हे वाक्य कुणाही मराठी कानाला खटकते. ‘पाऊस झाला, त्यामुळे रस्ता खचला’ आणि ‘रस्ता खचला म्हणून आम्ही परतलो’ यांतही छटा आहे : आपसूक घडलेल्या परिणामाला ‘त्यामुळे’ अधिक शोभतो, माणसाने घेतलेल्या निर्णयाला ‘म्हणून’. हा कल आहे, कायदा नव्हे.

‘कारण की’ची गोष्ट वेगळी. ते हिंदीतल्या ‘क्योंकि’ची नक्कल म्हणून हिणवले जाते, पण मराठी व्याकरणात कारणबोधक अव्ययांच्या यादीत ‘कारण’च्या शेजारीच त्याची नोंद असते. दोन्ही मिळून एकच शब्द मानायचा. मला स्वतःला लिहिताना तो ‘की’ फुकटचा वाटतो. तरी ती चूक नाही. ‘जरी पाऊस होता पण आम्ही गेलो’ मात्र लेखनात टाळावे, कारण ‘जरी’ला उत्तर ‘तरी’नेच मिळते.

सीमाभागातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांना एवढेच सांगणे : ‘येतो म्हणून सांगितले’ यावर रेघ ओढू नका. रेघ ओढायची ती आधीच्या ‘की’वर, आणि तीही दोन्ही एकत्र आले असतील तरच.