खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय का सुजतो?

खुब्याचं हाड मोडलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, कारण तीन गोष्टी एकत्र येतात. रुग्ण पडून असल्याने पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, ते साचतं. मार आणि शस्त्रक्रियेमुळे शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते. शिवाय जखमेमुळे रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो. बाळंतपणानंतरही असंच होतं. म्हणूनच डॉक्टर रुग्णाला लवकर चालवतात आणि रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं देतात. हा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर चोळू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. थेट हॉस्पिटल गाठा.