बाणावरचं क्रियापद

शाळेच्या पुस्तकात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा एक प्रश्न हमखास असतो. मधोमध चौकोनात ‘पेशी’ लिहिलेलं असतं, भोवती पाच-सहा रिकामे चौकोन असतात आणि मुलं त्यांत केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, लयकारिका अशी नावं भरतात. मार्क मिळतात. पण या चित्रात केंद्रकाचा तंतुकणिकेशी काय संबंध, हे कुठेच दिसत नाही. प्रत्येक अंगक फक्त मधल्या चौकोनाला जोडलेलं. एकमेकांशी त्यांचं बोलणंच नाही. ही यादीच झाली, गोल मांडलेली.

हे तंत्र ज्यांनी रूढ केलं, त्या जोसेफ नोवाक यांच्या मनात वेगळं होतं. 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ते लहान मुलांना विज्ञान कसं समजत जातं, याचा अभ्यास करत होते. मुलांच्या मुलाखतींच्या ढिगातून नेमकं काय समजलं आणि काय नाही, हे शोधण्यासाठी त्यांच्या गटाने हे चित्र घडवलं. त्यात चौकोनांइतकंच महत्त्व जोडणाऱ्या रेषांना होतं. प्रत्येक रेषेवर शब्द लिहायचे, आणि चौकोन–रेषा–चौकोन वाचलं की पूर्ण विधान तयार व्हायला हवं. विधान म्हटलं की ते खरं किंवा खोटं ठरवता येतं. नुसत्या रेषेला मात्र कोणी खोटं ठरवू शकत नाही.

पेशीच्या बाबतीत मी एक पाऊल पुढे जाईन. रेषेवर ‘बनवते’, ‘उघडते’, ‘बंद करते’, ‘कापते’ अशी क्रियापदंच असावीत. ‘संबंधित आहे’ आणि ‘मदत करते’ यांना बंदी. क्रियापद लिहिलं की कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरवावंच लागतं.

असं चित्र काढायला स्वादुपिंडातली बीटा पेशी फार चांगली. इन्सुलिन तयार करणं आणि सोडणं हे तिचं काम. सगळी पेशी एका चित्रात कोंबण्यापेक्षा एकच प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहायचा: जेवल्यावर ही पेशी इन्सुलिन कशी सोडते?

जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि ते पेशीत शिरतं. तिथे ग्लुकोकायनेज नावाचं विकर त्याला फॉस्फेट जोडतं. ग्लुकोज जितकं जास्त, तितकं हे विकर वेगाने चालतं, म्हणून पेशीचा साखर मोजणारा घटक हाच. पुढे त्या ग्लुकोजचं विघटन होतं आणि त्यातून आलेलं इंधन तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जाळते. त्यातून एटीपी तयार होतं.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. ‘तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र’ हे पाठ असतं, आणि म्हणून पुढचा बाण ‘एटीपी इन्सुलिन सोडायला ऊर्जा देतं’ असा काढला जातो. तो अगदी चूक नाही, पण खरी गंमत त्यात हरवते. या पेशीत एटीपी ऊर्जा तर देतंच, शिवाय निरोपही पोचवतं. पेशीच्या पटलात पोटॅशियमच्या वाहिन्या असतात. पेशी उपाशी असताना त्या उघड्या असतात, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं आणि पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण राहते. एटीपी वाढलं की ते या वाहिनीला चिकटून तिला बंद करतं. ग्लुकोजमुळे बीटा पेशीतली पोटॅशियम वाहिनी बंद होते, हे 1984 मध्ये ब्रिटनमध्ये फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

झिरपणं थांबलं की आतला ऋणभार कमी होतो. त्या बदलाने पटलातल्या कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पटलालगत आधीच भरून तयार असलेल्या इन्सुलिनच्या पुटिका पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. हे सगळं काही मिनिटांत घडतं.

या साखळीत एक खोच आहे. एटीपी वाहिनी ‘बंद करतं’, आणि परिणाम मात्र इन्सुलिन ‘सुटण्यात’ होतो. वाहिनी पेशीला गप्प ठेवत होती. गप्प ठेवणाऱ्यालाच गप्प केलं, म्हणून पेशी बोलली. म्हणून अशा चित्रात दोन प्रकारचे बाण हवेत: चालना देणाऱ्यासाठी नेहमीचा टोकदार आणि रोखणाऱ्यासाठी टोकाला आडवी रेघ असलेला. एका मार्गावर आडव्या रेघा मोजायच्या. सम निघाल्या तर एकूण परिणाम चालना, विषम निघाल्या तर रोध. एटीपी वाहिनीला रोखतं ही एक, उघडी वाहिनी कॅल्शियमच्या प्रवेशाला रोखते ही दुसरी. दोन झाल्या, म्हणजे चालना.

आता दुसरा मार्ग. पुटिकांमधलं इन्सुलिन आलं कुठून? केंद्रकातल्या इन्सुलिनच्या जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर येते. रायबोसोम ती वाचून 110 अमिनो आम्लांची साखळी विणतात. साखळीची पहिली 24 अमिनो आम्लं म्हणजे पत्ता: ‘आंतर्द्रव्यजालिकेत पाठवा’. आत शिरताना हा पत्ता कापला जातो. जालिकेत उरलेल्या साखळीची घडी पडते आणि गंधकाचे तीन बंध तिला आकारात धरून ठेवतात. मग ती गॉल्जी पिंडात जाते, तिथून पुटिकेत भरली जाते, आणि पुटिकेत विकरं मधला तुकडा कापून काढतात. उरतं ते 51 अमिनो आम्लांचं इन्सुलिन. कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. तोही पुटिकेतच राहतो आणि इन्सुलिनबरोबर रक्तात येतो. चित्रात इथे बाणाला दोन फाटे फुटतात. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून रुग्णाचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइडच मोजतात.

जालिकेकडून गॉल्जीकडे असा बाण काढताना त्याची दिशा आपण कशाच्या भरवशावर ठरवतो? याचं उत्तर स्वादुपिंडातूनच आलं, मात्र पाचकरस बनवणाऱ्या शेजारच्या पेशींमधून. 1960 च्या दशकात जॉर्ज पॅलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना थोडाच वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं, मग साधं दिलं, आणि ठरावीक वेळाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून पाहिलं. किरणोत्सार आधी जालिकेत सापडला, मग गॉल्जीच्या परिसरात, आणि शेवटी पुटिकांमध्ये. वेळेचा क्रम हाच बाणाच्या दिशेचा पुरावा. पॅलाडे यांना 1974 चं नोबेल मिळालं ते अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासोबत.

कागदावर आता दोन साखळ्या झाल्या: सोडण्याची, मिनिटांत चालणारी, आणि बनवण्याची, तास-दोन तास घेणारी. दोन्ही पुटिकेपाशी भेटतात. पण त्यांच्यात आडवे बाणही आहेत, आणि नोवाक यांच्या मते समज खोल आहे की नाही हे अशा आडव्या बाणांवरूनच कळतं. ग्लुकोज वाढलं की रायबोसोमही इन्सुलिनची साखळी अधिक वेगाने विणू लागतात. जालिकेत घडी घालायला एटीपी लागतं, म्हणून तंतुकणिकेकडून जालिकेकडे एक बाण जातो. आणि सर्वांत बाहेरून एक लांब बाण: सुटलेलं इन्सुलिन रक्तातलं ग्लुकोज उतरवतं. वर्तुळ पूर्ण झालं. पेशी स्वतःच्याच कामाने स्वतःला शांत करते.

चित्राची मर्यादाही इथेच सांगायला हवी. बाण किती जाड आहे, हे त्यात दिसत नाही. काही घराण्यांत ग्लुकोकायनेजच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. बाण तुटलेला नसतो, पण विकर आळशी झालेलं असतं, त्यामुळे इन्सुलिन सोडण्याचा उंबरठा वर सरकतो. अशा माणसांची उपाशीपोटीची साखर जन्मभर साधारण 100 ते 145 च्या दरम्यान राहते, फारशी वाढत नाही, आणि बहुतेकांना औषधही लागत नाही. चित्र मात्र निरोगी माणसाचं असतं तसंच दिसेल.

तरीही बाण खरे काढले असतील तर चित्रावरून भाकीत करता येतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड या गोळ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या. त्या त्याच पोटॅशियम वाहिनीला थेट बंद करतात. चित्रात त्यांचा बाण ग्लुकोज, ग्लुकोकायनेज, तंतुकणिका या सगळ्यांना वगळून मध्येच शिरतो. म्हणजे रक्तात साखर असो वा नसो, पेशी इन्सुलिन सोडत राहणार. गोळी घेतली आणि जेवण चुकलं तर घाम, थरथर आणि चक्कर का येते, हे या एका बाणाने कळतं.

आता दोन बाळं कल्पून पाहा. दोघांनाही जन्मानंतर काही आठवड्यांतच मधुमेह झाला, दोघांचं सी-पेप्टाइड अगदी कमी, दोघंही इन्सुलिनच्या इंजेक्शनवर. बाहेरून आजार एकच. पहिल्याच्या पोटॅशियम वाहिनीत जनुकीय दोष आहे: एटीपी वाढलं तरी वाहिनी बंद होत नाही. चित्रात एटीपीची आडवी रेघ तेवढी पुसली गेली आहे. बनवण्याची साखळी शाबूत आहे आणि पुटिका भरलेल्या आहेत. दुसऱ्याच्या इन्सुलिनच्या जनुकातच दोष आहे. साखळीची घडी चुकते, चुकलेला माल आंतर्द्रव्यजालिकेत साचतो, जालिकेवर ताण येतो आणि अखेर बीटा पेशीच मरतात.

सल्फोनिलयुरियाची गोळी कोणाला लागू पडेल? चित्रावर बोट ठेवून उत्तर देता येतं. पहिल्या बाळाला, कारण गोळी एटीपीशिवायही वाहिनी बंद करते आणि पुढचे सगळे बाण जागेवर आहेत. दुसऱ्याला तिचा उपयोग नाही; वाहिनी बंद झाली तरी सोडायला पेशीतच काही उरलेलं नाही. वाहिनीतला हा दोष 2004 मध्ये सापडला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या 49 रुग्णांना गोळ्या दिल्या गेल्या, आणि त्यांपैकी 44 जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद करता आलं.

म्हणूनच सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकीय तपासणी करावी, अशी मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांची शिफारस आहे, आणि ते बाळ आज कितीही मोठं झालं असलं तरी ती लागू होते. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तान्हेपणापासून टाइप 1 समजून इन्सुलिन घेत असेल, तर इंजेक्शनं स्वतःहून बंद न करता या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.