लंब जिथे टेकत नाही

शाळेच्या मैदानावर क्रीडा महोत्सवाच्या आदल्या दिवशी फक्कीने धावपट्टी आखतात, तेव्हा भूमितीतला एक जुना प्रश्न जमिनीवर सोडवला जात असतो. प्रश्न असा: जमिनीवर एक रेषाखंड आहे, त्याच्यापासून ठरावीक अंतरावर असणारे सगळे बिंदू कुठे कुठे सापडतील? अट पाळणाऱ्या अशा सगळ्या बिंदूंच्या समूहाला बिंदुपथ म्हणतात.

या प्रश्नाला मुलांकडून बहुतेक वेळा येणारं पहिलं उत्तर म्हणजे दोन समांतर रेषा, एक अलीकडे आणि एक पलीकडे. रेषा दोन्ही बाजूंनी अनंत असती तर हे उत्तर बरोबर ठरलं असतं. पण रेषाखंडाला टोकं आहेत, आणि खरी गंमत त्या टोकांपाशी आहे.

अंतर म्हणजे सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतचं अंतर, एवढं पक्कं धरू. मैदानात कुठेही उभं राहून रेषाखंडावर लंब टाकून पाहा. लंब रेषाखंडावरच टेकला, तर तो टेकलेला बिंदू सर्वांत जवळचा. अशा जागांपुरता बिंदुपथ समांतरच जातो. पण तुम्ही टोकाच्या पुढे उभे असाल, तर लंब रेषाखंडाच्या बाहेर, मोकळ्या जमिनीवर पडतो. तिथे रेषाखंडच नाही, म्हणून तो लंब मोजण्याच्या कामाचा नाही. मग जवळचा बिंदू उरतो तो टोकाचा. टोकापासून ठरावीक अंतरावरचे बिंदू वर्तुळावर असतात, म्हणून या भागात बिंदुपथ अर्धवर्तुळ होतो. दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं, हे झालं पूर्ण उत्तर. अर्धवर्तुळ सरळ बाजूला जिथे मिळतं, तिथे दोन्हींची दिशा एकच असते. म्हणून धावणाऱ्याला जोड जाणवत नाही.

कुणी टोकाशी काटकोन करून आयत काढला, तर चूक पकडणं सोपं आहे. अंतर १० मीटर धरलं, तर आयताचा कोपरा रेषाखंडाच्या टोकापासून १४ मीटरांहून थोडा जास्त दूर जातो. अट तिथेच मोडली.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठीची ४०० मीटरची प्रमाण धावपट्टी याच आकृतीवर बेतलेली आहे. तिची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि आतल्या कडेच्या वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर. धावणारा कडेला घासून धावत नाही, म्हणून आतल्या गल्लीचं माप उंचवट्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर घेतात. म्हणजे ८४.३९ मीटरचा एक अदृश्य रेषाखंड मैदानाच्या मध्यात आहे, आणि पहिल्या गल्लीतला धावपटू त्याच्यापासून सतत ३६.८० मीटरवर राहून धावतो. दोन सरळ बाजूंचे १६८.७८ आणि दोन अर्धवर्तुळांचे मिळून २३१.२२, बेरीज ४००.

शाळेचं मैदान लहान असतं, तिथे २०० मीटरची पट्टी आखायची असते. समजा लांबीकडून सरळ बाजूला ४० मीटर देता येतात. दोन बाजूंचे ८० वजा केले की वळणांसाठी १२० मीटर उरतात. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ, म्हणून १२० ला २π ने भागायचं. त्रिज्या येते १९.१० मीटर. फक्कीच्या रेघेला उंच कड नसते, त्यामुळे माप रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरतात. म्हणजे रेघ आखायची दोरी १८.९० मीटरची. ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणून दोन्हीकडे अर्धवर्तुळं फिरवायची आणि त्यांची टोकं सरळ रेघांनी जोडायची.

पुढच्या गल्लीचा हिशोब मला फार आवडतो. गल्ली १.२२ मीटर रुंद ठेवली तर दुसऱ्या धावपटूची त्रिज्या तेवढीच वाढते, सरळ बाजू मात्र तीच राहते. त्याला जास्त पडणारं अंतर म्हणजे २π गुणिले १.२२, सुमारे ७.६७ मीटर. एक पूर्ण फेरी गल्ली न सोडता धावायची असेल, तर त्याला तेवढं पुढे उभं करायचं. या हिशोबात मैदानाच्या लांबीचा कुठेच संबंध येत नाही. सरळ बाजू ४० ऐवजी ६० मीटरची घेतली, तरी आकडा ७.६७ च राहतो.

आता दुसरा प्रश्न. दोन रेषा एकमेकींना छेदतात. दोन्हींपासून सारख्याच अंतरावर असणारे बिंदू कुठे आहेत? कोनदुभाजकावर, हे उत्तर लगेच येतं, पण ते अर्धंच आहे. आलेखाच्या कागदावर एक रेषा म्हणून आडवा अक्ष घ्या. दुसरी आरंभबिंदूतून आणि (४, ३) मधून जाणारी. बिंदू (३, १) आडव्या अक्षापासून १ एककावर आहे. तिरप्या रेषेवर त्याचा लंब (२.४, १.८) येथे टेकतो आणि ते अंतरही १ च भरतं. हा बिंदू लहान कोनाच्या दुभाजकावर आहे. आता (−१, ३) पाहा. आडव्या अक्षापासून तो ३ वर आहे, तिरप्या रेषेवर त्याचा लंब (०.८, ०.६) येथे टेकतो आणि अंतर पुन्हा ३. हा बिंदू पहिल्या दुभाजकावर नाही, शेजारच्या मोठ्या कोनाच्या दुभाजकावर आहे. म्हणून बिंदुपथ म्हणजे छेदनबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषा. शेजारच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश, त्यांच्या अर्ध्यांची ९०. त्यामुळे हे दोन दुभाजक नेहमी एकमेकांना लंब असतात, मूळ रेषा कितीही तिरप्या असोत.

इथे प्रत्येक लंब कुठे ना कुठे टेकतोच, कारण रेषांना टोक नाही. ते टोक परत आणू. रेषांऐवजी एकाच बिंदूतून निघणारे दोन किरण घ्या, एक उजवीकडे जाणारा आणि एक वर जाणारा. दोन्हींपासून समदूर बिंदू कुठे? दोन किरणांच्या मधल्या कोनात दुभाजक आहेच. पण डावीकडे खाली, (−२, −३) येथे उभे राहून पाहा. कुठल्याच किरणावर लंब टेकत नाही. दोन्ही किरणांचा सर्वांत जवळचा बिंदू एकच, तो म्हणजे त्यांचा आरंभबिंदू. म्हणजे दोन्ही अंतरं आपोआप सारखी. (−५, −१) येथेही तेच, (−१, −७) येथेही तेच. डावीकडच्या खालच्या त्या सबंध पाव प्रतलातला प्रत्येक बिंदू अट पाळतो. बिंदुपथ म्हणजे एखादी रेघ किंवा वक्र असणार, अशी आपली सवयीची अपेक्षा असते. इथे मात्र एक दुभाजक आणि त्याला आरंभबिंदूपाशी चिकटलेलं अख्खं क्षेत्र मिळून बिंदुपथ होतो.

उत्तर तपासताना दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं: काढलेल्या आकृतीवरचा प्रत्येक बिंदू अट पाळतो का, आणि अट पाळणारा एखादा बिंदू आकृतीच्या बाहेर तर राहिला नाही ना. एकच दुभाजक काढणारा विद्यार्थी पहिल्या तपासणीत उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्या तपासणीत अडकतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की रेषांचा आणि किरणांचा असे दोन्ही प्रश्न एकाच तासाला, एकाच आलेखाच्या कागदावर द्यावेत, आणि (−२, −३) हा बिंदू मुलांना स्वतः मोजू द्यावा.