एकोणपन्नास दिवसांनी शून्यावर येणारा काटा

रात्री अकराला भिजत घातलेली डाळ दोन वाजता पाहिली, तर ती किती वेळ भिजली? दोनातून अकरा वजा केले तर उणे नऊ येतात, पण आपण चटकन तीन तास म्हणतो. घड्याळ बारानंतर पुन्हा एकवर येतं, हे अंगवळणी पडलेलं असतं. यंत्राला मात्र ते नीट सांगावं लागतं.

शेतातला ठिबकचा पंप दहा मिनिटांनी बंद करणारा एखादा आर्डुइनो बोर्ड घ्या. त्याला तारीख-वार ठाऊक नसतो. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, एवढंच `millis()` सांगतं. ही मोजणी 32 बिटांची, म्हणजे 4294967295 नंतर थेट शून्य. हा फेरा सुमारे 49 दिवस 17 तासांत पुरा होतो. विंडोज 95 अशाच मोजणीमुळे 49.7 दिवसांनी गोठत असे.

बहुतेक जण पहिल्यांदा असं लिहितात:

```
if (millis() > start + 600000UL) pumpOff();
```

पंप 4294900000 वाजता सुरू झाला, असं धरू. त्यात दहा मिनिटांचे 600000 मिळवले की बेरीज फेरा ओलांडते आणि हाती उरतात 532704. आत्ताची वेळ त्याहून कितीतरी मोठी, म्हणून पंप सुरू होताच बंद. याच्या उलट घडलं तर जास्त वाईट. बंद करायची वेळ फेऱ्याच्या अगदी शेवटच्या क्षणांत पडली आणि बोर्ड नेमका तेव्हा दुसऱ्या कामात अडकला, तर तो मोकळा होईपर्यंत काटा शून्यावरून पुढे गेलेला असतो. मग पुढचे एकोणपन्नास दिवस पंप चालूच.

उपाय डाळीच्या हिशेबातलाच आहे. वेळा एकमेकींशी ताडायच्या नाहीत, किती वेळ गेला ते काढायचं:

```
if (millis() - start >= 600000UL) pumpOff();
```

काटा 532704 वर आला की वजाबाकी उणे जायला हवी. पण चिन्ह नसलेल्या 32 बिटांत उणे आकडा मावत नाही, म्हणून उत्तरात एक पूर्ण फेरा आपोआप मिळवला जातो आणि बरोबर 600000 उरतात. त्यासाठी `start` मात्र `unsigned long` हवा. ऊनो बोर्डावर तो `unsigned int` ठेवला, तर 16 बिटच उरतात आणि त्यांत 65 सेकंदांपलीकडची सुरुवातीची वेळ मावतच नाही. आणखी एक मर्यादा आहे: पूर्ण फेरे किती झाले, हे वजाबाकीला कळत नाही. पन्नास दिवसांपूर्वीची नोंद तिला काही तासांचीच वाटते.

ही चूक टेबलावरच्या चाचणीत सापडत नाही, कारण एवढे दिवस वाट कोण पाहणार? लिनक्सने आपला मोजणारा काटा मुद्दाम असा लावला आहे की यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांत तो फेरा पुरा करतो. पंपासाठीही हे करता येतं. चाचणीपुरतं `millis()` ऐवजी सगळीकडे `(millis() + 4294900000UL)` लिहा. मग फेरा 67 सेकंदांत येतो, आणि पंप दहा मिनिटं चालतो की लगेच थांबतो, हे समोर बसून पाहता येतं.