दोन पिवळे रंग आणि एक लॅम्डा

मिठाईत वापरायला परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांत टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे दोन नेहमीचे. पहिला लिंबाच्या सालीसारखा पिवळा, दुसरा नारिंगीकडे झुकणारा. एकाच मिठाईत दोन्ही घातले असतील तर कोणता किती, हे काढायची एक रूढ रीत आहे. रंग पाण्यात उतरवायचा, काचेच्या छोट्या चौकोनी नळीत भरायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या यंत्रात ठेवून त्यातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा. किती प्रकाश अडला, त्याचा आकडा यंत्र दाखवतं. बिअर-लॅम्बर्ट नियमानुसार पातळ द्रावणात प्रत्येक रंगाचं शोषण त्याच्या प्रमाणाच्या पटीत असतं आणि दोन रंगांच्या शोषणांची सरळ बेरीज होते. अज्ञात दोन, म्हणून दोन तरंगलांबींवर दोन वाचनं घ्यायची आणि शाळेतल्यासारखी दोन समीकरणं सोडवायची. गणित संपलं, असं वाटतं.

पण दोन्ही रंग प्रकाश जवळपास सारखाच शोषतात अशा तरंगलांबी निवडल्या गेल्या, तर इथेच घोळ सुरू होतो. पुढचे आकडे कुठल्या तक्त्यातले नाहीत. हिशेब कागदावर करता यावा म्हणून ते मी मुद्दाम सोपे घेतले आहेत. पहिल्या तरंगलांबीवर पहिल्या रंगाचं एक एकक ०.५० इतकं शोषण देतं आणि दुसऱ्याचं ०.४९. दुसऱ्या तरंगलांबीवर नेमकं उलट, ०.४९ आणि ०.५०. द्रावणात खरोखर पहिला रंग १.२ एकक आणि दुसरा ०.८ एकक आहे. म्हणजे यंत्राने ०.९९२ आणि ०.९८८ दाखवायला हवं.

यंत्र मात्र थोडं चुकतं. दिव्याचा प्रकाश किंचित हलतो, नळीवर बोटाचा ठसा राहतो. समजा, एक वाचन ०.००५ ने वर गेलं आणि दुसरं तेवढंच खाली आलं. आता हाती ०.९९७ आणि ०.९८३ आहेत. समीकरणं सोडवली की उत्तर येतं १.७ आणि ०.३. चूक उलट्या दिशेने झाली असती, तर उत्तर ०.७ आणि १.३ आलं असतं. म्हणजे कोणता रंग जास्त, हेच फिरलं. चूक दुप्पट, म्हणजे ०.०१० झाली, तर २.२ आणि उणे ०.२. द्रावणात एखादा रंग उणे असू शकत नाही, त्यामुळे इथे निदान शंका तरी येते. १.७ आणि ०.३ हे उत्तर जास्त धोक्याचं, कारण ते दिसायला सभ्य आहे. ते समीकरणांत परत घालून पाहिलं तर दोन्ही वाचनं तंतोतंत जुळतात. वाचनांशी जुळणं आणि उत्तर खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि असल्या गणितांत त्यांची फारकत होते.

कारण बघायला दोन्ही समीकरणांची एकदा बेरीज करा आणि एकदा वजाबाकी. बेरजेत दोन रंगांच्या एकूण प्रमाणाला ०.९९ ने गुणलेलं मिळतं, वजाबाकीत त्यांच्या फरकाला ०.०१ ने गुणलेलं. म्हणून एकूण प्रमाण काढताना वाचनांच्या बेरजेला ०.९९ ने भागायचं, आणि त्यात चूक आहे तेवढीच राहते. फरक काढताना वाचनांच्या वजाबाकीला ०.०१ ने भागायचं, म्हणजेच १०० ने गुणायचं, आणि तिच्याबरोबर चूकही शंभरपट होते. वरच्या सगळ्या उत्तरांत दोन रंगांची बेरीज २ च येते, हे लक्षात आलं असेल. वाचनांना एकूण प्रमाण स्वच्छ कळलेलं आहे, फरक जवळपास कळलेलाच नाही. ०.९९ आणि ०.०१ यांना या समीकरणसंचाची सिंग्युलर मूल्यं म्हणतात. त्यांचं गुणोत्तर ९९, हा कंडिशन नंबर. तो मोठा असेल तर गणित इल-कंडिशन्ड, म्हणजे नाजूक प्रकृतीचं.

अज्ञातांहून वाचनं जास्त असतात तेव्हा लघुतम वर्ग पद्धत वापरतात, जी लजांद्रने १८०५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. वाचनं आणि समीकरणं यांच्यातल्या तफावतींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारं उत्तर ती देते. या नाजूकपणावर तिच्याकडे इलाज नाही, कारण तफावत कमी करणं एवढंच तिचं काम. इलाज निघाला तो विसाव्या शतकात, आणि दोन वेगळ्या वाटांनी. सोव्हिएत गणितज्ञ आंद्रेई टिखोनॉव्ह यांच्यापुढे भूगर्भाचे प्रश्न होते. जमिनीवर घेतलेल्या मोजमापांवरून खाली काय दडलं आहे, हे उलटं काढायचं होतं. अशा प्रश्नांच्या स्थैर्यावर त्यांनी १९४३ मध्ये लिहिलं आणि १९६३ मध्ये रेग्युलरायझेशनची पद्धत मांडली. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत काम केलेले आर्थर होर्ल आणि रॉबर्ट केनार्ड यांनी १९७० मध्ये तीच युक्ती संख्याशास्त्राच्या बाजूने ‘रिज रिग्रेशन’ म्हणून मांडली.

युक्ती अशी. केवळ तफावत कमी करायची नाही. तफावतीच्या वर्गात उत्तराच्या आकाराचा वर्ग एका आकड्याने गुणून मिळवायचा आणि ती एकत्र रक्कम कमीत कमी करायची:

‖Ax − b‖² + λ‖x‖²

इथे A म्हणजे समीकरणांतले शोषणाचे आकडे, x म्हणजे उत्तर आणि b म्हणजे वाचनं. λ, म्हणजे लॅम्डा, हा दंडाचा दर. उत्तर जितकं फुगेल तितका दंड वाढतो. याकडे बघायची मला आवडणारी दुसरी रीत अशी, की आपण वहीत दोन खोटी वाचनं लिहिली: ‘पहिला रंग शून्य’ आणि ‘दुसरा रंग शून्य’, आणि दोन्हींना √λ इतकं वजन दिलं. संगणकावर हेच करणं चांगलं असतं. मूळ समीकरणांखाली या दोन ओळी जोडायच्या आणि सगळं एकत्र QR पद्धतीने सोडवायचं. AᵀA हा गुणाकार करून गेलं तर कंडिशन नंबरचा वर्ग होतो. इथे ९९ चे ९८०१ होऊन फारसं बिघडणार नाही, पण तोच आकडा कोटीत असेल तर संगणकाची सोळा अंकांची अचूकता तिथेच खलास होते.

खोट्या वाचनांनी उत्तर बिघडणार नाही का? बिघडतं, पण सगळीकडे सारखं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. प्रत्येक दिशेचं उत्तर σ²/(σ²+λ) या अपूर्णांकाने आखडतं, जिथे σ हे त्या दिशेचं सिंग्युलर मूल्य. लॅम्डा ०.०००१ घेतला, तर एकूण प्रमाणासाठी हा अपूर्णांक जवळजवळ १ येतो आणि बेरजेला धक्काही लागत नाही. फरकासाठी तो बरोबर अर्धा येतो. १.७ आणि ०.३ च्या जागी आता १.३५ आणि ०.६५ मिळतात. खऱ्या १.२ आणि ०.८ च्या कितीतरी जवळ.

मात्र किंमत मोजलेली आहे. यंत्र अजिबात चुकलं नसतं, तरी फरक ०.४ ऐवजी ०.२ आला असता. हा बायस. वाचनं कितीही वेळा घेऊन सरासरी काढली, तरी लॅम्डा तोच ठेवल्यास तो जात नाही. उलट बाजूने, चुकीमुळे येणारा हेलकावाही निम्मा झाला. प्रत्येक वाचनाची प्रमाण चूक ०.००५ धरली, तर साध्या पद्धतीत फरकाचा हेलकावा सुमारे ०.७१ असतो. खरा फरक ०.४ असताना! आखडण्याचा अपूर्णांक f म्हटला, तर बायस (१−f) × ०.४ आणि हेलकावा f × ०.७१. दोन्हींच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होते f सुमारे ०.२४ असताना, म्हणजे लॅम्डा ०.०००३ च्या आसपास. तिथे एकंदर चूक ०.७१ वरून ०.३५ वर येते, आणि आपली वाचनं १.१७ आणि ०.८३ हे उत्तर देतात.

हे वाचून हुरळायला मात्र नको. कुठलंही मोजमाप न करता ‘फरक शून्य’ असं ठोकून दिलं असतं, तरी चूक ०.४ च झाली असती. म्हणजे सर्वोत्तम लॅम्डा घेऊनही या वाचनांनी फरकाबद्दल आपल्याला जेमतेम काही सांगितलं. दंड माहिती निर्माण करत नाही. कोणत्या दिशेच्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा, एवढंच तो ठरवतो आणि उरलेली जागा ‘शून्य’ या आपल्या गृहीतकाने भरतो. इथे बेरीज पक्की असल्यामुळे व्यवहारात ते गृहीतक ‘दोन्ही रंग सारखे’ असं होतं. मिठाईवाला एकच रंग वापरत असेल, तर ते साफ चुकीचं आहे. मग x ऐवजी x आणि अपेक्षित मिश्रण यांच्यातल्या अंतरावर दंड लावायला हवा.

लॅम्डा हाताबाहेर वाढवला की पक्क्या दिशाही ढासळतात. तो १ केला, तर बेरजेचा अपूर्णांकही अर्ध्यावर येतो आणि २ एकक रंगाचा १ एककच दिसतो. लॅम्डाचा आकडा एककांवरही अवलंबून असतो. एक अज्ञात ग्रॅममध्ये आणि दुसरा मिलिग्रॅममध्ये असेल, तर एकाच दराने दोघांना दंड लावणं अन्यायाचं. म्हणून आधी स्तंभ एका मापावर आणून घेतात.

सर्वोत्तम लॅम्डा काढताना मी खरा फरक ०.४ वापरला, पण प्रत्यक्षात तोच तर शोधायचा असतो. साध्या पद्धतीहून कमी चूक देणारा एखादा लॅम्डा नेहमी असतोच, हे होर्ल आणि केनार्ड यांनी सिद्ध केलं. तो कोणता, हे मात्र अज्ञात उत्तरावर अवलंबून राहतं. म्हणून आडवाटा शोधाव्या लागतात. गणितज्ञ मोरोझॉव्ह यांची वाट मला सर्वांत सरळ वाटते. यंत्र किती चुकतं हे माहीत असेल, तर उत्तराने वाचनांशी त्याहून जास्त जुळायचा हट्ट धरू नये. तफावत यंत्राच्या चुकीइतकी होईपर्यंत लॅम्डा वाढवत न्यायचा. आपल्या दोन वाचनांची एकत्र चूक सुमारे ०.००७ धरू. ०.९९७ आणि ०.९८३ यांच्यासाठी तो नियम लॅम्डा ०.०००२५ देतो आणि उत्तर १.२ आणि ०.८. इतकं नेमकं उत्तर आलं ते योगायोगाने, कारण उदाहरणात चूक मीच बरोबर तेवढी घातली होती.

चूक उलटी झाली होती ती वाचनं, ०.९८७ आणि ०.९९३, याच नियमाला दिली तर तो जास्त बोलका होतो. इथे फरक शून्य धरला तरी तफावत ०.००४२ च होते, चुकीच्या मर्यादेत आरामात बसते. नियम लॅम्डा वाढवत ०.००४ पर्यंत नेतो आणि सांगतो, ०.९९ आणि १.००. उत्तर खरं नाही, पण ‘या वाचनांवरून दोन रंगांत फरक दिसत नाही’ हे त्याचं म्हणणं प्रामाणिक आहे. साध्या पद्धतीने याच वाचनांवरून दुसरा रंग जवळपास दुप्पट असल्याचं बेधडक सांगितलं होतं.

यंत्राची चूकच माहीत नसेल, तर काही वाचनं बाजूला ठेवून उरलेल्यांवरून त्यांचा अंदाज किती बरा येतो, ते वेगवेगळ्या लॅम्डांसाठी तपासतात. दोनच वाचनं असताना अर्थातच ते जमत नाही.

जमेल तिथे त्याहून चांगला उपाय प्रयोग बदलण्याचा. दोन्ही रंग वेगळे वागतात अशी तिसरी तरंगलांबी घ्या, जिथे पहिला ०.३० आणि दुसरा ०.१० शोषण देतो. या एका वाचनाने लहान सिंग्युलर मूल्य ०.०१ वरून ०.१३६ वर जातं, म्हणजे चुकीची वाढ साधारण चौदापटीने उतरते. जुन्या दोन तरंगलांबींवरच राहून सरासरीने तेवढं साधायचं, तर प्रत्येक वाचन सुमारे १८५ वेळा घ्यावं लागेल. आणि तिसरं वाचन आल्यावर लॅम्डा पूर्वीचाच, ०.०००३, ठेवला तर नाजूक दिशेचा आखडण्याचा अपूर्णांक ०.२४ वरून ०.९८ होतो.